चोरीचे छायाचित्र ओळखावे कसे?

घरातील भांडे चोरीस गेले, तर फडताळात त्याची जागा रिकामी दिसते आणि मालकास चोरी झाल्याचे कळते. छायाचित्राच्या चोरीची गोष्ट निराळी आहे. चोर छायाचित्र घेऊन जातो, तरी ते मालकाजवळ जसेच्या तसे राहते. कोठेही जागा रिकामी पडत नाही. आपला चेहरा दूरच्या एखाद्या शहरात निराळ्याच नावाने वावरत आहे, ही वार्ता मालकाच्या कानी बहुधा फार उशिरा आणि परक्या माणसाच्या तोंडून येते. कधी कधी ती सांगणारा मनुष्य स्वतःच फसलेला असतो व त्या चेहऱ्यावर रागावलेला असतो.

मोबाइलवरील डेटिंग ॲपांत ह्या चोरीस विशेष महत्त्व येते. अपरिचित स्त्रीपुरुषांनी एकमेकांची ओळख करून घ्यावी, ह्यासाठी ही ॲपे निघाली. तेथे ओळखीचा आरंभ छायाचित्रापासून होतो. नाव, वय, व्यवसाय ही माहिती त्याच्या मागून येते. साहजिकच ज्यास फसवावयाचे आहे, त्यास प्रथम एक विश्वासार्ह चेहरा लागतो, आणि स्वतःचा चेहरा दाखविणे त्याच्या सोयीचे नसते. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनकडे एकट्या २०२२ साली सुमारे ७० हजार लोकांनी प्रेमाच्या नावाखाली झालेल्या फसवणुकीच्या तक्रारी नोंदविल्या, आणि त्यांतील नुकसान १३० कोटी डॉलर इतके होते. ह्या धंद्याचे भांडवल म्हणजे दुसऱ्याचे छायाचित्र. म्हणूनच छायाचित्र ॲपात चढविले जाताच त्याची तपासणी होते. ती कशी होते आणि तिच्या निर्णयावर कितपत विसंबावे, हे पाहण्यासारखे आहे.

तपासणीत दोन प्रश्न असतात. हे छायाचित्र पूर्वी कोणी चढविले आहे काय, हा पहिला. आणि ते कोणाचे आहे, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर यंत्र क्षणार्धात देते. दुसऱ्याचे उत्तर त्याच मार्गाने मिळत नाही. व्यवहारात होणाऱ्या मोठ्या चुका बहुतेक एकाच कारणाने होतात: पहिल्या प्रश्नाचे उत्तर हेच दुसऱ्याचेही उत्तर आहे असे समजले जाते.

प्रथम पहिला प्रश्न घेऊ. ॲपाच्या भांडारात एक कोटी छायाचित्रे साठलेली आहेत असे धरावे. नवे छायाचित्र आले की ते ह्या कोटीपैकी एकेका चित्राशेजारी ठेवून पाहणे शक्य नाही. ह्यासाठी प्रत्येक छायाचित्राचा एक ठसा काढून ठेवतात. तंत्रज्ञ त्यास हॅश म्हणतात. ठसा म्हणजे चित्रावरून ठरावीक रीतीने काढलेली एक संख्या. मग चित्रे न जुळविता ठसेच जुळविले, म्हणजे काम भागते.

ठशाचा एक प्रकार फार काटेकोर असतो. एसएचए-२५६ ह्या नावाची रीत त्यांपैकी प्रसिद्ध आहे. दोन फायली अक्षरशः एकच असतील, तर त्यांचे ठसे एकच येतात. एका बिंदूचा रंग किंचित बदलला, तरी ठसा पार बदलून जातो. आळशी चोरास पकडण्यास हा ठसा पुरतो. परंतु बहुतेक छायाचित्रे चोराच्या हाती मूळ फाईल म्हणून येतच नाहीत. तो कोणाच्या तरी पानाचा स्क्रीनशॉट घेतो, भोवतालचा भाग कापतो, आणि ते चित्र एका मोबाइलवरून दुसऱ्यावर पाठवितो. ह्या प्रत्येक पायरीवर चित्र पुन्हा दाबून लहान केले जाते. डोळ्यास काहीच फरक दिसत नाही; फाईल मात्र निराळीच झालेली असते, आणि काटेकोर ठसा तेथे आंधळा ठरतो.

म्हणून दुसऱ्या प्रकारचा ठसा वापरावा लागतो. डोळ्यास जी चित्रे सारखी दिसतात, त्यांचे ठसेही जवळजवळ सारखेच यावेत, अशी त्याची रचना असते. अशा रीती अनेक आहेत. त्यांपैकी डी-हॅश ही समजण्यास सर्वांत सोपी. नील क्रॉवेट्झ यांनी २०१३ साली तिचे वर्णन प्रसिद्ध केले. मोबाइलने काढलेल्या छायाचित्रात एक कोटीहून अधिक बिंदू असतात. ह्या रीतीत प्रथम त्यातील रंग काढून टाकतात व चित्र इतके लहान करतात की त्यात आडवे ९ व उभे ८, असे अवघे ७२ बिंदू उरतात. मग प्रत्येक ओळीत डावीकडून उजवीकडे जावयाचे. उजवीकडचा बिंदू डावीकडच्याहून उजळ असेल तर १ लिहावयाचा, नसेल तर ०. नऊ बिंदूंच्या ओळीत अशा आठ तुलना होतात; आठ ओळींच्या मिळून चौसष्ट. हे चौसष्ट अंक म्हणजेच त्या छायाचित्राचा ठसा.

एक ओळ प्रत्यक्ष करून पाहावी. बिंदूंचा उजळपणा डावीकडून ५२, ६०, ७१, ६९, ८०, ९५, ९०, ८४, ८८ असा आहे. ५२ नंतर ६० आले, म्हणून १. मग ७१ आले, पुन्हा १. नंतर ६९, म्हणजे उतरण, म्हणून ०. असे करीत गेल्यास ओळीचा ठसा ११०११००१ असा येतो. आता कोणी संपूर्ण चित्र उजळ केले व प्रत्येक आकड्यात वीस मिळविले, तरी चढउतार तेच राहतात आणि ठसा बदलत नाही. चित्र पुन्हापुन्हा दाबल्यामुळे शेवटचा ८८ घसरून ८३ झाला, तर फक्त शेवटचा अंक १ चा ० होतो. आठांपैकी सात अंक तसेच राहिले. दोन ठशांत किती ठिकाणी अंक वेगळे आहेत, ह्या गणतीस हॅमिंग अंतर म्हणतात. रिचर्ड हॅमिंग ह्या अमेरिकन गणितज्ञाने १९५० साली चुका हुडकून दुरुस्त करण्यासंबंधी जो निबंध लिहिला, त्यावरून हे नाव पडले. अंतर शून्य असल्यास चित्र तेच; अंतर थोडे असल्यास बहुधा तेच; तीसच्या आसपास असल्यास दोन चित्रांचा परस्परांशी काही संबंध नाही असे समजावे, कारण कोणत्याही दोन असंबद्ध ठशांत सरासरीने निम्मे अंक वेगळे निघतातच.

चोराची एक आवडती युक्ती म्हणजे चित्र आरशातल्यासारखे उलटविणे. वरील ओळ उलटविली, तर तिचा ठसा ०११००१०० असा येतो, आणि मूळच्या आठ अंकांपैकी सहा वेगळे पडतात. यंत्रास ते चित्र अगदी परके वाटते. उपाय मात्र सोपा आहे. नवे चित्र आले की त्याचा सरळ ठसा व उलटविलेल्या चित्राचा ठसा, असे दोन्ही काढावयाचे आणि दोन्ही भांडाराशी ताडून पाहावयाचे. तसेच ठसा घेण्यापूर्वी चित्र सरळ करून घ्यावे लागते. मोबाइल पुष्कळदा चित्र आडवेच साठवितो आणि ते दाखविताना उभे करावे, अशी टीप फाईलमध्ये ठेवतो; ती टीप न वाचता ठसा काढला, तर एकाच चित्राच्या दोन प्रती जुळत नाहीत. स्क्रीनशॉटच्या वरच्या बाजूस घड्याळ व बॅटरीची पट्टी असते, खाली काळी किनार असते. तीही आधी काढून टाकावी लागते. ह्या लहानसहान गोष्टी राहून गेल्या, तर गणित कितीही शुद्ध असले तरी चोर सुटतो.

कापलेल्या चित्रापुढे मात्र हा ठसा दुबळा आहे. चित्राची एक बाजू चतुर्थांशाने कापली, म्हणजे सगळी जाळी सरकते व ओळींचा मेळ राहत नाही. त्यावर एक तोड अशी काढतात, की चित्रातील चेहरा यंत्राने आधी शोधावयाचा, दोन्ही डोळे एका ठरावीक जागी येतील असा चौकोन कापून घ्यावयाचा, आणि त्या चौकोनाचा स्वतंत्र ठसा ठेवावयाचा. चोर भोवतालची झाडे, भिंती वा शेजारची माणसे कापू शकतो. चेहरा कापणे त्यास परवडत नाही, कारण चेहऱ्यासाठीच तर त्याने चोरी केलेली असते.

आता अंतर किती असल्यास जुळले असे म्हणावे? ह्या प्रश्नातच साऱ्या तपासणीचा नफातोटा साठविलेला आहे. चौसष्ट अंकी ठशात दहापर्यंतचे अंतर चालवून घ्यावे, असे पुष्कळ ठिकाणी सांगितलेले आढळते. दोन चित्रे समोरासमोर ठेवून पाहिल्यास तो सल्ला ठीक आहे. दोन असंबद्ध ठशांत निव्वळ योगायोगाने दहा किंवा कमी अंतर पडण्याचा संभव सुमारे दहा कोटींत एक इतकाच असतो. हा आकडा ऐकून मन निर्धास्त होते. परंतु भांडारात एक कोटी चित्रे आहेत हे विसरून चालत नाही. एक नवे चित्र एक कोटी वेळा ताडले जाते. म्हणजे दर दहा नव्या चित्रांमागे एक खोटी जुळणी होण्याचा संभव उत्पन्न होतो. दिवसास एक लाख चित्रे चढत असतील, तर रोज दहा हजार खोट्या जुळण्या! तेच अंतर पाचावर आणले, तर योगायोगाची जुळणी दोन दिवसांत एखादी होते. एका दिवसाच्या दहा हजारांवरून दोन दिवसांत एकावर येणे, हा फरक केवळ पाच अंकांचा आहे.

परंतु अंतर कमी केले, की किंचित कापलेली, रंगविलेली, खरोखर चोरीची चित्रे निसटू लागतात. म्हणून अनुभवी लोक एकाच ठशावर काम थांबवीत नाहीत. लहान ठसा हा चाळणी म्हणून वापरावयाचा. त्यातून जी जोडी वर येईल, तिची पुन्हा मोठ्या व सूक्ष्म ठशाने परीक्षा करावयाची. फेसबुकने २०१९ साली सर्वांसाठी खुली केलेली पीडीक्यू नावाची रीत अशा कामास योग्य आहे. तिचा ठसा २५६ अंकांचा असतो, आणि एकतीसपर्यंतचे अंतर जुळणी म्हणून धरावे असा तिचा सर्वसाधारण संकेत आहे.

वरील हिशेब ठशांतील अंक नाण्याच्या छापाकाट्याप्रमाणे स्वैर पडतात असे धरून केला आहे. माणसांची छायाचित्रे इतकी स्वैर नसतात. लग्नाच्या स्थळासाठी स्टुडिओत काढलेली छायाचित्रे डोळ्यांपुढे आणावीत. मागे पांढरा किंवा फिका पडदा, मधोमध डोके, खाली गडद खांदे. पडद्याच्या भागात उजळपणाचा चढउतार जवळजवळ नसतोच, म्हणून तेथे सगळीकडे शून्ये पडतात. आणि दोन सर्वस्वी भिन्न माणसांचे ठसे एकमेकांस चिकटून बसतात. तपासणी बिघडली आहे हे ओळखण्याची खूण हीच. जुळलेल्या जोड्यांच्या यादीत एकसारख्या पार्श्वभूमीची, पासपोर्टसारखी चित्रे वारंवार दिसू लागली, म्हणजे यंत्र चोर पकडीत नसून पडदे पकडीत आहे असे समजावे. अशा ठशांत अर्थपूर्ण चढउतार फार थोडे आहेत हे मोजता येते, आणि तशा चित्रांचा निकाल लहान ठशावरून द्यावयाचा नाही असा नियम घालता येतो.

इतके सगळे नीट जमले, की पहिल्या प्रश्नाचे उत्तर मिळते. हे चित्र व ते चित्र एकच आहे, इतके निश्चित ठरते. येथून दुसऱ्या प्रश्नाकडे वळावे.

उदाहरणादाखल अशी कल्पना करू, की नाशिकच्या एका दंतवैद्य बाईंनी गोदावरीच्या घाटावर काढलेले आपले छायाचित्र आपल्या सार्वजनिक पानावर ठेवले होते. जूनमध्ये कोणी एकाने त्याचा स्क्रीनशॉट घेतला, तो उलटविला, किंचित उजळ केला, आणि एका डेटिंग ॲपात निराळ्या नावाने व बंगळूरच्या पत्त्याने खाते उघडले. भांडारात त्या चित्राची दुसरी प्रत नव्हती. त्यामुळे कोणतीही जुळणी झाली नाही व चित्र सुरळीत पार पडले. चित्रात चेहरा एक, स्पष्ट, सभ्य. नाकारण्यासारखे काहीच नव्हते. नोव्हेंबरमध्ये बाईंनी स्वतः त्याच ॲपात खाते उघडले आणि तेच आवडते छायाचित्र, मूळ रूपात, चढविले. सरळ ठशांत अंतर अडतीस पडले. उलट्या ठशांत मात्र अवघे चार. मोठ्या ठशानेही तीच साक्ष दिली. यंत्राने बरोबर ओळखले की चित्र तेच आहे.

आता ॲपाचा नियम जर असा असेल, की जो मागून आला तो चोर, तर नाशिकच्या बाईंचे खाते बंद होईल आणि बंगळूरचे चालू राहील. यंत्राने गणितात काहीच चूक केली नाही. तरी न्याय मात्र उलटा झाला. चोराने चेहरा नेला तो नेलाच, वर मालकिणीस दारातून हाकलण्यात आले. ही आपत्ती अपवादात्मक नाही. ज्यांची चित्रे आकर्षक व सार्वजनिक असतात, त्यांचीच चोरी अधिक होते. म्हणजे ज्यास संरक्षणाची गरज अधिक, त्यासच ह्या नियमाचा फटका बसण्याचा संभव अधिक.

शिवाय एकच चित्र दोन खात्यांत आढळणे हे नेहमीच चोरीचे चिन्ह नसते. एखाद्याने जुने खाते मिटवून नवे उघडले, तर त्याचेच चित्र त्याच्याच चित्राशी जुळते. दोन मैत्रिणींनी एकत्र काढलेला एकच फोटो दोघींनी चढविला, तर तीही जुळणीच. म्हणून जुळणीच्या जोडीला इतर गोष्टी पाहाव्या लागतात. दोन्ही खात्यांचा मोबाइल एकच आहे काय, चित्रात चेहरे किती आहेत, एका चित्राभोवती किती निरनिराळी नावे, वये व शहरे गोळा झाली आहेत, हे सर्व पाहिले जाते. एक चेहरा सहा महिन्यांत पाच शहरांत पाच नावांनी वावरत असेल, तर तेथे मैत्रिणींचा फोटो हे स्पष्टीकरण टिकत नाही. पण हीही केवळ संशयाची कारणे होत. ती कोणास तपासावे हे सांगतात. कोण खोटा हे सांगत नाहीत.

चित्र कोणाचे, हे ठरविण्याचा सरळ मार्ग म्हणजे त्या चेहऱ्याच्या माणसाने स्वतः समोर येणे. ह्यासाठी दोन्ही खात्यांस तत्काळ एक छोटी परीक्षा द्यावयास सांगतात. मोबाइलचा कॅमेरा उघडून तेथल्या तेथे आपला चेहरा दाखवावयाचा, सांगितल्याप्रमाणे मान वळवावयाची, कधी अमुक मुद्रा करावयाची. टिंडर ह्या ॲपाने अशा प्रकारची सेल्फी-पडताळणी २०२० साली जाहीर केली. ह्यात यंत्र दोन गोष्टी पाहते. एक, कॅमेऱ्यापुढे जिवंत मनुष्य आहे, कागदावरचे किंवा दुसऱ्या पडद्यावरचे चित्र नव्हे. दोन, त्या माणसाचा चेहरा चढविलेल्या चित्रातील चेहऱ्याशी जुळतो. येथील तुलना पूर्वीपेक्षा निराळी आहे हे ध्यानात घ्यावे. ठसा एकच चित्र ओळखतो. ही तुलना निरनिराळ्या चित्रांतून एकच मनुष्य ओळखते.

नाशिकच्या बाई ही परीक्षा दोन मिनिटांत देतात. बंगळूरच्या खात्याकडून एक तर उत्तर येत नाही, किंवा कॅमेऱ्यापुढे तेच छायाचित्र धरण्याचा प्रयत्न होतो व तो फसतो. निकाल लागला. परंतु निकाल लागेपर्यंतचे वर्तनही तितकेच महत्त्वाचे आहे. त्या अवधीत बाईंच्या खात्यावर चोरीचा आरोप ठेवावयाचा नाही. पडताळणी हवी आहे, एवढेच सांगावयाचे. बंगळूरच्या खात्यास मात्र नवीन माणसांस संदेश पाठविण्यापासून थांबवावयाचे. आणि कोणा एकाची तक्रार दुसऱ्यास कोणत्याही रीतीने दिसता कामा नये. नाही तर चोरास मालकिणीचा पत्ता घरबसल्या लागतो.

निकालानंतरही दोन कामे उरतात, आणि तीच बहुधा विसरली जातात. चोरीच्या चित्राचा ठसा वेगळ्या यादीत घातला जातो, म्हणजे पुढच्या वेळी कोणीही ते चढविले तरी लगेच अडविता यावे. हे योग्यच. परंतु यादीत बाईंच्या पडताळलेल्या खात्यापुरता अपवाद नोंदविला नाही, तर त्यांनी दुसऱ्या वर्षी मोबाइल बदलून तेच चित्र पुन्हा चढविताच यंत्र त्यांनाच अडवील, आणि चोरीबद्दलची शिक्षा मालकिणीस दुसऱ्यांदा होईल. दुसरे काम म्हणजे जून ते नोव्हेंबर ज्यांनी बंगळूरच्या खात्याशी संभाषण केले, त्यांस सावध करणे. खाते नुसते पुसून टाकले, तर ते लोक समजतात की त्या व्यक्तीने संबंध तोडला. आणि फसविणाऱ्याने त्यांचा दूरध्वनी क्रमांक आधीच घेतलेला असल्यास फसवणूक ॲपाबाहेर निर्वेध चालू राहते.

ह्या कथेत बाई स्वतः त्या ॲपात आल्या, म्हणून चोरी उघडकीस आली. त्या आल्याच नसत्या तर? मग भांडारात जुळविण्यास दुसरी प्रत नाही, आणि ठशांचे शास्त्र तेथे निरुपयोगी होते. अशा वेळी ॲपाबाहेर, साऱ्या इंटरनेटवर, तेच चित्र कोठे आहे हे शोधावे लागते. चित्रावरून चित्र शोधण्याची सोय टिनआयने २००८ साली व गूगलने २०११ साली लोकांस करून दिली. ज्यास संशय आला आहे अशी व्यक्तीही समोरच्याचे छायाचित्र तेथे देऊन पाहू शकते, आणि तेच चित्र निराळ्या नावाने सापडल्यास सावध होऊ शकते. मात्र काही सापडले नाही, म्हणजे छायाचित्र खरे, असा अर्थ करू नये. खासगी पानांवरची चित्रे ह्या शोधांस दिसत नाहीत. म्हणून ज्याचे खाते नाही अशा माणसासही, आपले चित्र येथे कोणी वापरीत आहे, अशी तक्रार ॲपाकडे करता आली पाहिजे. तसे दार नसेल, तर सर्वांत मोठ्या वर्गातील मालकांस दादच राहत नाही.

चेहरा जुळविण्याच्या परीक्षेलाही मर्यादा आहेत. अंधूक प्रकाश, दहा वर्षांपूर्वीचे छायाचित्र, वाढविलेली दाढी किंवा आजारपणानंतर बदललेला चेहरा यांमुळे खरा मनुष्य नापास होऊ शकतो. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेने २०१९ साली अशा अनेक यंत्रणांची मोठी पाहणी केली. तीत आशियाई व आफ्रिकी वंशाच्या चेहऱ्यांबाबत, दोन भिन्न माणसे एकच समजण्याची चूक पुष्कळ यंत्रणांकडून अधिक प्रमाणात होते, असे आढळले. म्हणून यंत्राने नापास केलेल्याचा शेवटचा निकाल माणसाने पाहावा, आणि खाते बंद झालेल्यास दाद मागण्यास जागा ठेवावी, हे केवळ सौजन्य नव्हे. ते तपासणीचेच अंग होय.

अलीकडे आणखी एक गोष्ट झाली आहे. अस्तित्वातच नसलेल्या माणसाचा चेहरा संगणकाने तयार करता येतो. असे चित्र कोणाचे चोरलेले नसते. त्याची दुसरी प्रत जगात कोठेही नसते. म्हणून ठसा व शोध ही दोन्ही साधने त्यापुढे मुकी होतात. तेथे उरते ती कॅमेऱ्यापुढची परीक्षाच, आणि कॅमेऱ्याऐवजी बनावट चित्रफीत पुरवून तीही चुकविण्याचे प्रयत्न चालू आहेत.

ह्या सर्वांवरून पडताळणीच्या खुणेचा नेमका अर्थ ठरतो. एखाद्या खात्यापुढे ती खूण दिसली, तर एका दिवशी एका माणसाने कॅमेऱ्यापुढे येऊन हा चेहरा माझा आहे हे दाखविले, इतकेच तीवरून समजावे. त्याचे नाव, वय, व्यवसाय, तो विवाहित आहे की नाही, ह्यांपैकी कशाचीही साक्ष ती खूण देत नाही. आणि उलट बाजूने, एखादे छायाचित्र दोन ठिकाणी आढळले, तर दोन ठिकाणी एकच छायाचित्र आहे, इतकेच सिद्ध झाले. नाशिकच्या बाई व बंगळूरचा भामटा यांत ठशाच्या दृष्टीने काहीही भेद नव्हता. दोघांच्या हातांत तेच चित्र होते. भेद दिसला तो कॅमेऱ्यापुढे एकाच बाजूचा माणूस उभा राहिला तेव्हा.